पूरकाळातील गाव, जिल्हा आणि राज्य प्रशासनाच्या जबाबदाऱ्या (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात पूर आल्यास गाव, जिल्हा आणि राज्य या तीन स्तरांवरील प्रशासनाने कोणती कामे करावयाची, हे मुख्यतः आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ या केंद्रीय कायद्यानुसार ठरते. या कायद्याने निर्णयाचे व आदेशाचे बहुतेक अधिकार जिल्ह्याकडे, तर निधी, मोठी बचावपथके आणि आंतरराज्य समन्वय राज्याकडे सोपवला आहे. गावाकडे कर्तव्ये आहेत, मात्र अधिकार मर्यादित आहेत. प्रत्यक्षात पुराच्या पहिल्या काही तासांत बहुधा गावच एकटे असते. त्यामुळे या वाटणीतील उणिवा सर्वांत आधी गावपातळीवर दिसून येतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लोहगडवाडी हे लोहगड व विसापूर या किल्ल्यांच्या दरम्यान वसलेले गाव आहे. डोंगराच्या दक्षिण उतारावरील पाणी पवना नदीच्या खोऱ्यात, तर उत्तर उतारावरील पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यात जाते. गाव उंचावर असल्याने तेथे नदीचे पाणी घरात शिरण्यापेक्षा दरड कोसळणे, ओढ्यांना लोंढा येणे आणि रस्ता बंद होऊन संपर्क तुटणे हे धोके अधिक आहेत. याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भाजे गावात जुलै १९८९ मध्ये अतिवृष्टीमुळे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली होती.

दक्षिणेकडील पाणी पवना धरणात साठते. धरणाची साठवणक्षमता सुमारे साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. धरणातून सोडलेले पाणी मावळातील नदीकाठची गावे आणि पुढे पिंपरी-चिंचवड शहर पार करून दापोडीजवळ मुळा नदीस मिळते. म्हणजे एका गावावर पडणारा पाऊस हा काही तासांनंतर दुसऱ्या गावाचा पूर ठरतो. जबाबदारी एकाच स्तरावर ठेवता येत नाही, त्याचे हे मुख्य कारण आहे.

गाव पातळी

कायद्याने गावासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलेले नाही. ग्रामपंचायत ही ‘स्थानिक प्राधिकरण’ या व्याख्येत येते. कलम ४१ नुसार कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधने वापरण्याजोग्या स्थितीत ठेवणे आणि राज्य व जिल्हा आराखड्यांनुसार मदतकार्य करणे ही तिची कर्तव्ये आहेत. गावात सरपंच व ग्रामसेवक हे पंचायतीचे, तलाठी महसूल विभागाचे, तर पोलीस पाटील कायदा व सुव्यवस्थेच्या बाजूचे प्रतिनिधी असतात. दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावरून इशारा देणे, शाळा अथवा समाजमंदिर निवाऱ्यासाठी उघडणे, वृद्ध, रुग्ण व गरोदर स्त्रियांना आधी हलवणे आणि जनावरे सोडवणे ही कामे त्यांनाच करावी लागतात.

पाणी ओसरल्यावर नुकसानीचा पंचनामाही याच स्तरावर होतो. पडलेल्या घरांची नोंद आणि शेतीच्या नुकसानीची पाहणी तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक मिळून करतात. शासकीय मदत या कागदावर अवलंबून असते. चिखल काढून घर साफ केल्यानंतर पाण्याच्या खुणा उरत नाहीत आणि मग नुकसान सिद्ध करणे कठीण जाते.

जिल्हा पातळी

कलम २५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. कलम ३४ अन्वये प्राधिकरणास वाहतूक रोखणे, धोकादायक क्षेत्रात प्रवेशास मनाई करणे, तेथील लोकांना हलवणे आणि बचावकार्य चालवणे असे अधिकार मिळतात. कलम ६५ खाली खासगी वाहने, नावा किंवा इमारतीही अधिग्रहित करता येतात. सरपंचास यांपैकी कोणताही अधिकार नाही. तालुक्यात हे काम प्रामुख्याने तहसीलदारामार्फत चालते.

धरणातून किती विसर्ग करावयाचा, हे मात्र जिल्हाधिकारी एकटे ठरवत नाहीत. तो निर्णय जलसंपदा विभागाचे अभियंते पाणलोट क्षेत्रातील पाऊस, जलाशयाची पातळी आणि जलाशय परिचलन सूची पाहून घेतात व जिल्हा प्रशासनास कळवतात. तेथून सूचना तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी आणि शेवटी सरपंच व पोलीस पाटील अशी उतरते.

या साखळीत वेळेचे महत्त्व साध्या गणिताने समजते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. ५,००० क्युसेक विसर्गाने एक टीएमसी जागा मोकळी होण्यास सुमारे ५६ तास, म्हणजे दोन दिवसांहून अधिक काळ लागतो. धरण जवळजवळ भरल्यावर मुसळधार पाऊस आला, तर ही उसंत उरत नाही. विसर्ग अल्पावधीत अनेक पटींनी वाढवावा लागतो आणि नदीकाठच्या गावास घर सोडण्यासाठी मोजकेच तास मिळतात.

राज्य पातळी

राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य कार्यकारी समिती अंमलबजावणी पाहते. जिल्ह्याच्या क्षमतेपलीकडील मागणी पुरवणे हे या स्तराचे काम आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल केंद्राचे असून त्याची पाचवी वाहिनी मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. मदतीसाठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो.

उदाहरण : २०१९ चा कृष्णा खोऱ्यातील पूर

तिन्ही स्तरांच्या मर्यादा एकाच वेळी उघड झाल्या, त्या ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अनेक गावांना एकाच वेळी वेढा पडल्याने बचावपथके सर्वत्र पोहोचू शकली नाहीत.

पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे कृष्णा व येरळा यांच्या संगमावरील गाव. ८ ऑगस्ट रोजी तेथील ग्रामस्थांना ग्रामपंचायतीच्या बोटीतून बाहेर काढले जात असताना बोट उलटली व दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि पुरेशी जीवरक्षक जाकिटे नव्हती. गावाकडे साधन होते, परंतु कलम ४१ ला अपेक्षित असलेली प्रशिक्षित माणसे व सुरक्षा-साहित्याची जोड नव्हती. पाणी वाढण्यापूर्वीच गाव हलवले गेले असते, तर बोटीची वेळच आली नसती. ते हलवण्याचा आदेश मात्र जिल्हा स्तरावरून यावा लागतो आणि तो यशस्वी होण्यासाठी ग्रामस्थांचा विश्वास लागतो. घर व जनावरे सोडण्यास लोक अखेरपर्यंत तयार नसतात, कारण मागील पुराची खूण हीच त्यांची मोजपट्टी असते. २०१९ चे पाणी २००५ च्या खुणेच्याही वर गेले.

खालच्या अंगास असलेले अलमट्टी धरण कर्नाटकात असल्याने त्याच्या विसर्गाबाबत सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांस आदेश देता येत नव्हता. हा विषय दोन राज्यांच्या शासनांनीच हाताळावयाचा होता. पुराच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी राज्य शासनाने पुढे नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

संपर्क

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तर राज्य नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७० आहे. रस्ता किंवा गाव पाण्याखाली जात असल्याची पहिली सूचना जिल्हा कक्षास देणे अपेक्षित असते, कारण बचावपथकाची मागणी तेथूनच वर पाठवली जाते.