‘पाडव्यापर्यंत’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत?

२०२५ साली मुंबईचा शेअर बाजार मुहूर्ताच्या सौद्यांसाठी मंगळवारी, २१ ऑक्टोबरला दुपारी तासभर उघडला. दिल्लीतल्या बहुतेक घरांत तोवर लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं. अमावास्या सोमवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला काही मिनिटं असताना संपली. उत्तरेकडे सोमवारची रात्र धरली गेली, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी मंगळवार दिला. आदल्या वर्षीही हेच झालं होतं: तिकडे बऱ्याच ठिकाणी ३१ ऑक्टोबर, इकडे १ नोव्हेंबर.

पूजेपुरता हा फरक ज्याच्या त्याच्या घरी निभावून जातो. पण गुरुग्रामच्या कार्यालयातून देशभरच्या ग्राहकांना ‘लक्ष्मीपूजनापर्यंत २० टक्के सूट’ असा एकच संदेश गेला, तर नागपूरच्या ग्राहकासाठी ती सूट एक दिवस आधीच संपलेली असते. मंगळवारी सकाळी तो दुकानात येतो, संदेश दाखवतो, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘काका, ती ऑफर काल संपली.’ काकांच्या कॅलेंडरात तर लक्ष्मीपूजन आज आहे! दोघंही खरं बोलतायत. चूक आहे ती संदेश लिहिणाऱ्याची, कारण त्याने सणाच्या नावाला तारखेचं काम दिलं.

सण दरवर्षी सरकतात हे कुणाला नवीन नाही. किती सरकतात याचा हिशेब मात्र जाहिरात लिहिताना हमखास विसरला जातो. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक महिना येऊन ते पुन्हा पुढे ढकलले जातात. महाराष्ट्रातलं लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे लक्ष्मीपूजन उडी मारून ८ नोव्हेंबरला.

आता ‘या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत’ अशी मुदत घेऊन पाहा. २०२४ च्या लक्ष्मीपूजनापासून २०२५ च्या लक्ष्मीपूजनापर्यंत ३५४ दिवस होतात. पुढचंच वर्ष धरलं, तर ३८३. शब्द तेच, मुदतीत २९ दिवसांचा फरक. मिठाईच्या दुकानाच्या सवलत कार्डावर हे खपून जाईल. सराफाच्या मासिक बचत योजनेत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या सराफाने मालासाठी आगाऊ घेतलेली रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालापोटी वळती झाली नाही, तर कंपन्यांच्या ठेवींबाबतच्या नियमांनुसार ती ‘ठेव’ ठरू शकते. म्हणूनच अशा योजना अकरा महिन्यांच्या आसपास बांधलेल्या असतात. त्या योजनेच्या माहितीपत्रकावर हौसेने ‘दिवाळी ते दिवाळी’ छापलं, तर अधिकमासाच्या वर्षी ती मर्यादा अठरा दिवसांनी ओलांडली जाते.

शब्द कुठे कुठे घसरतात हे एका दुकानाच्या पाटीवर नीट दिसतं. समजा, पुण्यातल्या एका साडीच्या दुकानाने २०२५ च्या दिवाळीसाठी असा मजकूर तयार केला: ‘दिवाळीनिमित्त वसुबारसेपासून पाच दिवस सर्व साड्यांवर २० टक्के सूट. ब्लाउज दिवाळीआधी शिवून मिळेल. भेट कूपन पाडव्यापर्यंत वापरता येईल.’ वाचायला सोपा, घरगुती, छान. आणि त्यात तीन खड्डे.

पहिला ‘पाच दिवस’. त्या वर्षी वसुबारस शुक्रवारी १७ तारखेला, धनत्रयोदशी शनिवारी, रविवार मोकळा, नरकचतुर्दशी सोमवारी, लक्ष्मीपूजन मंगळवारी, पाडवा बुधवारी आणि भाऊबीज गुरुवारी २३ तारखेला. कॅलेंडरवर मोजले तर सात दिवस. वसुबारसेपासून पाच दिवस म्हणजे २१ तारखेपर्यंत असं मालक म्हणणार. बहिणीसाठी भाऊबीजेला साडी घ्यायला आलेला भाऊ म्हणणार, दिवाळी संपली कुठे अजून? दुसरा खड्डा ‘दिवाळीआधी’. कुणाची दिवाळी वसुबारसेला सुरू होते, कुणाची धनत्रयोदशीला, तर कुणाची पहिल्या अभ्यंगस्नानाला. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाईंच्या लेखी या तिन्हींत तीन दिवसांचं अंतर आहे, आणि शिंप्याच्या लेखी दिवाळीआधीचे तीन दिवस म्हणजे फार मोठी गोष्ट. तिसरा खड्डा ‘पाडवा’. भेट मिळालेलं कूपन जपून ठेवणारी व्यक्ती तो गुढीपाडवा समजली, तर ती १९ मार्च २०२६ ला दुकानात येणार आणि पाच महिन्यांपूर्वी संपलेलं कूपन पुढे करणार.

हाच मजकूर असा लिहिता आला असता:

‘दिवाळी सवलत: सर्व साड्यांवर २० टक्के सूट. शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५ (वसुबारस) सकाळी १० पासून गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५ (भाऊबीज) रात्री ९ पर्यंत. दोन्ही दिवस धरून. ब्लाउजचं कापड शनिवार, ४ ऑक्टोबरपर्यंत द्या, गुरुवार, १६ ऑक्टोबरला तयार मिळेल. भेट कूपन शनिवार, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत चालेल.’

सण गेला नाही. तो मथळ्यात आहे आणि कंसातही आहे. फक्त मुदतीचं ओझं त्याच्यावरून उतरवून वार, तारीख, साल आणि वेळ यांच्यावर टाकलं. ‘दोन्ही दिवस धरून’ हे शब्द रूक्ष वाटतात खरे, पण ‘२३ पर्यंत’ म्हणजे २३ धरून की सोडून, हा वाद काउंटरवर दरवर्षी होतो आणि तो मिटवायला तीनच शब्द लागतात.

यातला वार शोभेसाठी नाही. तारखेशी जोडलेला वार हा छपाईतली चूक पकडणारा राखणदार आहे. दुकानांत गेल्या वर्षीचंच डिझाइन उघडून साल बदलायची रीत असते. २१ ऑक्टोबर २०२५ ला मंगळवार होता, २०२६ मध्ये त्याच तारखेला बुधवार आहे. ‘मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२६’ असं प्रुफात दिसलं की जुळत नाही हे लगेच कळतं, आणि कळलं की त्या दिवशी लक्ष्मीपूजनही नाही हे ध्यानात येतं. २०२६ च्या २१ ऑक्टोबरला तर दसरा उलटून एकच दिवस झालेला असेल. नुसती ‘२१/१०’ ही चूक झाकून ठेवते.

वेळेचंही तसंच. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून मोजला जातो, मोबाइलचा मध्यरात्रीपासून, आणि तिथी तर दोघांनाही न जुमानता भरदुपारी बदलते. २०२५ मध्ये त्रयोदशी शनिवारी १८ ऑक्टोबरला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास लागली आणि रविवारी दुपारी दोनच्या जरा आधी संपली. सण शनिवारचा, पण रविवारी सकाळी ‘अजून त्रयोदशी आहे’ म्हणत सोनं घ्यायला येणारं गिऱ्हाईक चुकत नव्हतं. अशा वर्षी ‘धनत्रयोदशीला घडणावळीवर सूट’ एवढंच लिहिणाऱ्या सराफाने भांडण ओढवून घेतलं असं समजावं. ‘शनिवार १८ आणि रविवार १९ ऑक्टोबर, दुकान उघडं असेपर्यंत’ असं लिहिलं की तिथीचा प्रश्न गिऱ्हाइकाकडे राहतो आणि सवलतीचा निकालात निघतो. ऑनलाइन विक्रीत ‘रात्री १२ पर्यंत’ हेही टाळावं, कारण ते १२ कुठल्या तारखेचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘रात्री ११.५९’ म्हटलं की शंका उरत नाही.

एका दिवसाचा फरक फार तर कुरबुरीवर भागतो. श्रावणाचा फरक पंधरवड्याचा असतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात आणि गुजरातेत अमावास्येला. त्यामुळे २०२५ मध्ये तिकडचा श्रावण ११ जुलैला सुरू झाला आणि इकडचा २५ जुलैला. ११ जुलैला पुण्या-ठाण्यात ‘श्रावण स्पेशल, कांदा-लसूणविरहित थाळी’ अशी जाहिरात आली, तर तिथे आषाढ सुरू असतो आणि सामिष खाणारी मंडळी २४ जुलैच्या अमावास्येपर्यंत श्रावणाआधीचं खाऊन घ्यायच्या बेतात असतात. थाळी वाईट नसते, मुहूर्त वाईट असतो. आणि २५ जुलैला जेव्हा ती खरोखर हवी असते, तेव्हा कदाचित मोहीम अर्धी संपलेली. इथे नुसती तारीख नीट लिहून भागत नाही. राज्यागणिक दोन वेगळ्या जाहिराती काढाव्या लागतात.

ईदची तऱ्हा आणखी वेगळी. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे ईद मागेच सरकत जाते आणि शेवटचा निर्णय चंद्रदर्शनावर असतो. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आणि रमजान ईद ३१ मार्चला होती, पण आठवडाभर आधी छापलेल्या फलकावर ३१ तारीख ठामपणे लिहिता आली नसती. अशा वेळी शेवटची तारीख संभाव्य दोन्ही दिवसांच्या पुढे न्यावी: ‘मंगळवार, १ एप्रिलपर्यंत’. सरकारी सुट्टीवर तर विसंबूच नये. त्याच वर्षी ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरला जाहीर झालेली होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी असल्याने मुंबई शहर आणि उपनगरांत ती ८ तारखेला नेली, इतर जिल्ह्यांत ५ लाच राहिली.

परदेशातल्या मराठी घरांना माल पाठवणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट पाहावी. तिथी सगळीकडे एकाच क्षणी बदलते, घड्याळं वेगळी असतात. २०२५ ची अमावास्या न्यू जर्सीत २० ऑक्टोबरच्या पहाटे सव्वासहाला लागली आणि २१ च्या सकाळी साडेआठच्या आत संपली; तिथे अमावास्येची संध्याकाळ मिळाली ती फक्त सोमवारची. ‘लक्ष्मीपूजनापूर्वी फराळ घरपोच’ असं पुण्याचं कॅलेंडर पाहून लिहिणाऱ्याचा डबा तिकडे पूजेच्या दुसऱ्या दिवशी पोचला असता, तरी पाठवणाऱ्याच्या मते तो वेळेतच होता. ‘न्यू जर्सीच्या तारखेनुसार शुक्रवार, १७ ऑक्टोबरपर्यंत’ असं लिहावं.

बारीक अक्षरांत अटी टाकून सुटका होईल, असं काही दुकानदारांना वाटतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अट किंवा खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याच अक्षरात हवा, असं ती सांगतात. म्हणजे मथळा मराठीत ‘पाडव्यापर्यंत’ आणि खरी तारीख तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत, ही पळवाट बंद आहे.

ग्राहकानेही कूपन हातात घेतानाच त्यावर शेवटची तारीख आणि साल आहे का ते पाहावं. नुसतं सणाचं नाव असेल, तर तिथेच पेनने तारीख घालून दुकानाचा शिक्का मारून घ्यावा. दुकानदार नंतर शब्द फिरवू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.