‘उद्या’ म्हणजे कोणत्या तारखेला?

गृहनिर्माण संस्थेच्या समितीची सभा रविवारी, ८ जूनला झाली आणि सचिवांनी मंगळवारी सभासदांना इतिवृत्ताचा ईमेल पाठवला, असे समजू. त्यातला टाकीच्या गळतीचा मजकूर असा:

“कुलकर्णी म्हणाले मी उद्या प्लंबरला बोलावतो. टाकीचं काम केलं जाईल. जोशी कोटेशन आणतील. कुळकर्णी यांनी खर्च जास्त आहे असं सांगितलं.”

सभेला हजर असलेल्यांना हे कळते. गैरहजर माणूस मात्र अडखळतो. बुधवारी ईमेल उघडणाऱ्याचा ‘उद्या’ गुरुवार असतो. कुलकर्णी आणि कुळकर्णी ही त्याला दोन माणसे वाटतात, आणि इमारतीत जोशी दोन असतील तर कोटेशन कोणाकडे मागायचे हेही समजत नाही.

दुरुस्तीची सुरुवात काळापासून करावी. कंपन्यांच्या संचालक मंडळांच्या सभांसाठी कंपनी सेक्रेटरीज संस्थेने घालून दिलेले मानक सांगते की इतिवृत्त तृतीय पुरुषात आणि भूतकाळात लिहावे, ठराव मात्र वर्तमानकाळात. गृहनिर्माण संस्थांना ते लागू नाही, पण ही सवय उचलण्याजोगी आहे. जे घडले ते भूतकाळात, जे व्हायचे आहे ते भविष्यकाळात, तारखेसह.

बोलणे नोंदवताना इंग्रजीत क्रियापदाचा काळ मागे सरकतो. मराठीत त्याची गरज नसते. ‘बोलावतील, असे त्यांनी सांगितले’ हे चालते. बदलावे लागते ते ‘मी’ आणि ‘उद्या’. ‘मी’च्या जागी नुसते ‘ते’ घातले, तर ते कोण हा प्रश्न उरतो. म्हणून नाव लिहावे. शिवाय ‘सांगितले’, ‘सुचवले’, ‘जबाबदारी घेतली’, ‘ठरले’ यांत फार अंतर आहे. सूचना ठराव म्हणून नोंदली गेली, तर पुढच्या सभेत भांडण ठरलेलेच.

नावांसाठी हजेरीपत्रक पुढे ठेवावे आणि माणूस स्वतः जसे लिहितो तसेच घ्यावे. ईमेलमध्ये ‘कुलकर्णी’ शोधले तर ‘कुळकर्णी’ सापडत नाही, म्हणून दोन्ही रूपे वेगवेगळी शोधावी लागतात.

‘टाकीचं काम केलं जाईल’ हे वाक्य मात्र व्याकरणाने सुटत नाही. कोण करणार, मंजुरी मिळाली का, हे सभेतल्या दोघातिघांना फोन करूनच विचारावे लागते. जोशींच्या कामाची मुदतही तशीच. उत्तरे मिळाल्यावर मजकूर असा होतो:

“टाकीच्या गळतीवर चर्चा झाली. श्री. कुळकर्णी (३०२) यांनी ९ जूनला प्लंबरला बोलावण्याची जबाबदारी घेतली. दुरुस्तीचा खर्च जास्त आहे, असे मत त्यांनी मांडले. श्रीमती जोशी (१०४) २० जूनपर्यंत दोन कोटेशने आणतील. दुरुस्तीबाबत निर्णय झाला नाही. कोटेशने आल्यावर विषय पुढील सभेत येईल.”