नाकाखाली लावलेला बाम

सर्दीने बाळाचं नाक चोंदलं की घरातलं कुणीतरी बामची डबी काढतं आणि बोटभर बाम त्याच्या नाकाखाली, गळ्यावर चोळतं. हेतू मायेचाच असतो, पण दोन वर्षांखालच्या मुलाला त्याने धाप लागू शकते.

अमेरिकेतल्या दीड वर्षाच्या एका मुलीला नाकाखाली असा बाम लावल्यावर श्वास घेणं कठीण झालं. वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या डॉ. ब्रूस रुबिन यांच्या गटाने 2009 साली ही हकीकत प्रसिद्ध केली. फेरेट या प्राण्यांवरच्या त्यांच्या प्रयोगात बाममुळे श्वासनलिकेत जास्त चिकटा तयार झाला आणि तिथल्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावली. मोठ्यांना हे जाणवतही नाही. बाळाची श्वासनलिका मात्र इतकी अरुंद, की थोडी सूज, थोडा चिकटा पुरे.

मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण ते थंडाव्याची जाणीव चेतवतं. चोंदलेलं नाक उघडत नाही. तान्ह्या बाळात त्याच्या उग्र वाफेने श्वास क्षणभर थांबूही शकतो. निलगिरी तेलाचंही तसंच. कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि तोंडाजवळ लावलेलं बाळ चाटतंच.

नाकपुड्या फुलणं, श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर पडणं दिसलं तर बाम पुसा आणि लगेच दवाखाना गाठा. साध्या सर्दीला सलाइनचे थेंब पुरतात.