मुक्या पट्ट्यांचं गणित

एका परिचितांनी मुलीसाठी ६१ पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला. वॉरंटी एका वर्षाची होती आणि सातव्या महिन्यात काही पट्ट्या मुक्या झाल्या. दुकानदाराला त्यांनी पहिलं पत्र लिहिलं ते आपण सगळेच लिहितो तसं: माल निकृष्ट आहे, मनस्ताप झाला, ताबडतोब बदलून द्या. उत्तर आलं, ‘पाणी सांडलेलं दिसतं, वॉरंटी लागू नाही.’ कीबोर्ड न बघताच!

दुसरं पत्र मात्र वेगळं होतं. त्यातला मुख्य मजकूर असा: ‘डावीकडून मोजल्यास ३, ११, १९, २७, ३५, ४३, ५१ आणि ५९ क्रमांकाच्या पट्ट्या अजिबात वाजत नाहीत. उरलेल्या ५३ व्यवस्थित वाजतात. वाद्याचा आवाज बदलून, हेडफोन लावून आणि फॅक्टरी रीसेट करूनही फरक पडत नाही.’

यातले आकडे नीट पाहा. प्रत्येक मुकी पट्टी आधीच्या मुक्या पट्टीपासून बरोबर आठवी आहे. वाजवणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही, कारण तो पट्ट्या सप्तकाच्या हिशेबाने ओळखतो. त्याला दिसतं ते एवढंच, की कुठे पांढरी दोन गेली आहे, कुठे काळी पाच, तर कुठे काळी तीन. सप्तकात पट्ट्या बारा, आणि बिघाड मात्र आठाच्या पाढ्यातला. कीबोर्डच्या पोटातली रचना सप्तक मानतच नाही.

पट्टीखाली रबराचा छोटा घुमट असतो आणि त्याच्या आत कार्बनच्या दोन टिकल्या. पट्टी दाबली की आधी एक टिकली खालच्या सर्किटला टेकते, मग दुसरी. या दोन स्पर्शांमध्ये किती मिलिसेकंद गेले यावरून बोट जोरात पडलं की हलकं, हे यंत्राला कळतं. म्हणजे पट्ट्या ६१ आणि स्पर्शाच्या जागा १२२. प्रत्येकीसाठी स्वतंत्र तार ओढणं परवडत नाही, म्हणून त्या आडव्या-उभ्या जाळीत बसवतात. आठ उभ्या तारा सगळ्यांना सामाईक असतात. पट्ट्यांचे आठ-आठचे गट पाडतात, शेवटचा गट पाचाचा. प्रत्येक गटाला दोन आडव्या तारा मिळतात. अशा २४ तारांत काम भागतं. आतली चिप एकेका गटाला क्षणभर विद्युत्संकेत देते आणि कोणत्या उभ्या तारेतून तो परत येतो ते बघते. हा फेरा इतक्या वेगाने चालतो की वाजवणाऱ्याला पत्ता लागत नाही. (काही कीबोर्डमध्ये गट सहाचे असतात. तिथे सहाचा पाढा दिसेल.)

आता निदान सोपं आहे. तिसरी उभी तार तुटली, तर प्रत्येक गटातली तिसरी पट्टी जाणार, म्हणजे ३, ११, १९ आणि पुढच्या. गटाकडे जाणारा जोड सुटला, तर सलग आठ पट्ट्या जातील, उदाहरणार्थ १७ ते २४. पाणी सांडलं तर शेजारशेजारच्या पट्ट्या बिघडतात, काही मुक्या, काही अडखळत, काही आपोआप वाजणाऱ्या. पाणी दर आठवी पट्टी निवडून जात नाही. एकटीदुकटी पट्टी रुसली असेल, तर बहुधा टिकलीखाली धूळ किंवा पावसाळी ओल असते, आणि ती सफाईने सुटू शकते.

या पुराव्याला एक मर्यादा आहे. बिघाड कुठे आहे हे आकडे सांगतात, तो कशामुळे झाला हे सांगत नाहीत. कच्च्या डाखाचा जोड आपोआपही सुटतो आणि कीबोर्ड पडला तरी सुटतो. म्हणून परिचितांनी ‘तुमच्या कारखान्याची चूक’ असं लिहिलं नाही. ‘लक्षण एका सामाईक तारेकडे बोट दाखवतं, पाणी सांडल्याशी ते जुळत नाही. कृपया तंत्रज्ञाकडून तपासून लेखी अहवाल द्यावा,’ एवढंच लिहिलं. मला हे वाक्य दहा संतप्त परिच्छेदांपेक्षा वजनदार वाटतं. तंत्रज्ञाने उघडून पाहिलं तेव्हा पट्टीदार केबलच्या कनेक्टरपाशी एक डाख तडकलेला निघाला. पाण्याचा डाग कुठेच नव्हता. दुरुस्ती वॉरंटीत झाली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर स्क्रू स्वतः उघडू नका, नाहीतर दुकानदाराला आयतं कारण मिळेल. सगळ्या पट्ट्या डावीकडून क्रमाने दाबत जाऊन त्याचा एक सलग व्हिडिओ काढा. पत्रात बिल क्रमांक, मागच्या लेबलवरचा सिरियल नंबर, बिघाड दिसल्याची तारीख आणि वापरलेला अडॅप्टर कंपनीचाच आहे का, हे लिहा. वॉरंटीची मुदत संपण्याआधी पत्र द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तरीही दाद मिळाली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.