पार्लरची गूगल नोंद: वर्णन कसे लिहावे

गूगल मॅप्सवरील व्यवसायाच्या नोंदीत वर्णनासाठी जास्तीत जास्त ७५० अक्षरांची जागा असते. शोधणाऱ्याला कोणते पार्लर दाखवायचे हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवते: शोधलेल्या शब्दांशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाचा लौकिक. त्यामुळे योग्य वर्ग, सेवांची यादी, अचूक पत्ता आणि ग्राहकांचे अभिप्राय यांची जागा वर्णन घेऊ शकत नाही. पण नोंद उघडणारीला ‘मला हवे ते इथे मिळेल’ याची खात्री वर्णनातूनच पटते.

शब्द ग्राहकांच्या तोंडूनच घ्यावेत. फोनवर बायका ‘ब्रायडल मेकअप करता का?’, ‘साडी नेसवून मिळेल का?’ असेच विचारतात; ‘सौंदर्यसेवा’ हा शब्द कुणी वापरत नाही. लोक काय शोधत नोंदीपर्यंत पोहोचले, हे नोंदीच्या कामगिरी अहवालातही दिसते. ‘जवळचे पार्लर’ हे शब्द मात्र घालायची गरज नाही, कारण जवळ कोण आहे हे गूगल मोबाइलच्या ठिकाणावरून ओळखते.

पुण्यातल्या कोथरूडमधील एखाद्या पार्लरचे उदाहरण घेऊ. ‘कोथरूड पार्लर, बेस्ट पार्लर कोथरूड, ब्रायडल मेकअप कोथरूड पुणे’ अशी माळ वाचून ग्राहकाला काहीच कळत नाही. तोच मजकूर असा लिहिता येतो:

‘कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतील महिलांचे पार्लर. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल आणि हेअरकट रोज केले जातात. ब्रायडल मेकअप आणि साडी नेसवण्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. लग्नाच्या दिवशी कार्यालयात येऊनही मेकअप करून दिला जातो. पार्लर पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट आहे. सोमवारी बंद.’

यात भागाचे नाव एकदाच आले आहे, तेही पत्ता सांगताना. प्रत्येक सेवेसोबत ग्राहकाच्या कामाची माहिती आहे. सर्वांत महत्त्वाचे पहिल्या वाक्यात ठेवलेले बरे, कारण पडद्यावर सुरुवातीचाच भाग दिसतो आणि उरलेला उघडून वाचावा लागतो. वर्णन मोठ्याने वाचताना एखादे नाव खटकले, तर ते केवळ शोधासाठी घुसडले आहे असे समजून काढून टाकावे.

दूरच्या भागांची नावेही टाळावीत. बाणेर किंवा हडपसर लिहिल्याने दुकान तिथल्या ग्राहकाच्या जवळ येत नाही. तिथे घरी जाऊन खरोखर सेवा दिली जात असेल, तरच तसे लिहावे. सवलती, दर आणि वेबसाइटचे दुवे वर्णनात देणे गूगलच्या नियमांत बसत नाही. याहून घातक चूक नावात होते. पाटीवर नसलेले ‘बेस्ट ब्रायडल पार्लर कोथरूड’ असे शब्द नोंदीतल्या नावाला जोडले, तर नोंदच स्थगित होऊ शकते. असे शोधशब्द नावातून काढावेत आणि वर्णनातही फक्त खऱ्या सेवांचेच ठेवावेत. एखादी सेवा बंद झाली, तर तिचा उल्लेख त्याच दिवशी काढावा. नाहीतर ती वाचून आलेली ग्राहक परत जाते आणि तिची नाराजी अभिप्रायात उतरते.