मदत आधी, पैशांचं वचन नंतर: ते पाळावंच लागतं का?

पावसाळ्यात पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं. एक फ्लॅटमालक गावाला गेलेला असतो. शेजारी कुणीही न सांगता त्याची गाडी ढकलत उंचावर नेऊन लावतो. परत आल्यावर मालक खूश होऊन म्हणतो, "तुमचे उपकार झाले, तुम्हाला पाच हजार देतो." महिनाभरानंतर मात्र तो हात झटकतो. "मी कुठे सांगितलं होतं गाडी हलवायला?"

शेजाऱ्याला हे पाच हजार कायद्याने मागता येतील का? लॉ सीईटीची तयारी करणाऱ्यांना अशा धर्तीचे प्रश्न हमखास भेटतात. अडचण उत्तराची नसते, पर्यायांची असते. चारही पर्याय जवळपास सारखे दिसतात:

(अ) नाही. काम वचनाच्या आधीच झालं होतं.
(ब) हो. काम मालकाच्या सांगण्यावरून झालं होतं.
(क) हो. स्वेच्छेने केलेल्या कामाची भरपाई देण्याचं हे वचन आहे.
(ड) नाही. वचन लेखी नव्हतं.

'अ' का चुकतो?

करार टिकायचा तर दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावं किंवा करावं लागतं. याला कायद्यात प्रतिफल म्हणतात, साध्या भाषेत मोबदला. काम आधी झालं आणि वचन नंतर आलं, तर ते काम 'गत प्रतिफल' ठरतं. इंग्लंडच्या कायद्यात सर्वसाधारणपणे गत प्रतिफल चालत नाही. इंग्रजी पुस्तकांवरून काढलेल्या नोट्स पाठ करणारा विद्यार्थी त्यामुळे 'अ'वर खूण करून मोकळा होतो.

भारतीय करार कायदा, 1872 वेगळं सांगतो. कलम 2(ड) मधली प्रतिफलाची व्याख्या तिन्ही काळांत आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केलं असेल, तो करत असेल किंवा करण्याचं वचन देत असेल, तर ते प्रतिफल. 'केलं असेल' या भूतकाळामुळे गत प्रतिफलाला आपल्याकडे जागा मिळाली. अट एकच, काम वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालेलं हवं.

याचं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाचंच आहे. सिंधा श्री गणपतसिंहजी विरुद्ध अब्राहम हा निकाल 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेत, 20 व्या खंडात आहे. एका व्यक्तीने अज्ञान असताना दुसऱ्याकडून सेवा मागितली. सज्ञान झाल्यावरही त्याच विनंतीवरून ती सेवा चालू राहिली. पुढे त्याने सेवेबद्दल दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचं वचन दिलं. सेवा आधीची असली तरी ती वचनासाठी पुरेसं प्रतिफल आहे, असं न्यायालयाने ठरवलं.

मग 'ब' की 'क'?

आता गाडीकडे परत येऊ. मालकाने काही सांगितलंच नव्हतं, म्हणजे कलम 2(ड) लागत नाही आणि 'ब' बाद होतो. पण म्हणून शेजाऱ्याचे पैसे बुडत नाहीत. कलम 25 म्हणतं, प्रतिफलाशिवाय केलेला करार रद्दबातल, आणि लगेच त्याला अपवाद देतं. त्यातला दुसरा अपवाद असा: एखाद्याने वचन देणाऱ्यासाठी आधीच स्वेच्छेने काही केलं असेल, तर त्याची भरपाई देण्याचं वचन बंधनकारक ठरतं. कायद्यातच उदाहरण आहे. एकाला दुसऱ्याची पर्स सापडते, तो ती परत करतो आणि पर्सवाला 50 रुपये देण्याचं वचन देतो. हा करार आहे.

म्हणून उत्तर 'क'. 'ड' हा सापळा आहे. लेखी असण्याची अट पहिल्या अपवादाला आहे (जवळच्या नातलगांमधला, प्रेमापोटी केलेला, नोंदणीकृत करार) आणि तिसऱ्यालाही आहे (मुदत संपलेलं कर्ज फेडण्याचं सही केलेलं वचन). दुसऱ्या अपवादाला ती नाही. तोंडी वचन कोर्टात सिद्ध करणं कठीण जाईल, पण ती पुराव्याची अडचण झाली.

प्रश्नातलं एक वाक्य बदललं की उत्तर बदलतं. मालकाने गावाहून फोन करून "गाडी तेवढी हलवा" म्हटलं असतं, तर उत्तर 'ब' झालं असतं. पाच हजारांचं बक्षीस आधी जाहीर करून नंतर काम झालं असतं, तर ते गत प्रतिफल नव्हतंच, कारण वचन पहिलं आलं.

आणि काम तिसऱ्याच्याच सांगण्यावरून झालं असेल तर? दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव या 1880 च्या अलाहाबादच्या खटल्यात एकाने कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वखर्चाने बाजार बांधला. नंतर तिथल्या दुकानदारांनी त्याला विक्रीवर कमिशन देण्याचं कबूल केलं. ते वचन टिकलं नाही. बाजार दुकानदारांच्या इच्छेवरून बांधलेला नव्हता.

मोबदला किरकोळ असेल तर?

दुसरा घोळ रकमेचा. एक आजोबा 40 हजारांची स्कूटर ओळखीच्या मुलाला एक हजाराला विकण्याचा करार करतात. नंतर ते म्हणतात, "माझी संमती मनापासून नव्हती." पर्याय बघा:

(अ) किंमत फारच कमी, म्हणून करार रद्दबातल.
(ब) करार वैध. न्यायालय किमतीकडे बघूच शकत नाही.
(क) कमी किमतीमुळे करार आपोआप रद्द होत नाही, पण संमती मुक्त होती का हे तपासताना किंमत विचारात घेता येते.
(ड) न्यायालय योग्य किंमत ठरवून देईल.

कलम 25 चं दुसरं स्पष्टीकरण नेमकं 'क' सांगतं. तिथली दोन उदाहरणं शेजारी शेजारी वाचली की मुद्दा पक्का होतो. दोन्हींत हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचा ठरतो. पहिल्यात विकणाऱ्याची संमती मुक्त आहे, म्हणून करार टिकतो. दुसऱ्यात तो म्हणतो संमती मुक्त नव्हती, म्हणून दहा रुपये ही किंमत न्यायालयाने लक्षात घ्यायची बाब ठरते. सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. न्यायालय बघतं ते दबाव किंवा फसवणूक होती का.

'ब' अर्धा खरा असल्यामुळे सर्वात फसवा. "न्यायालय मोबदला पुरेसा आहे का हे बघत नाही" हे वाक्य पाठ असतं, त्याचा दुसरा अर्धा भाग नसतो. आजोबांवर त्या मुलाचा अनुचित प्रभाव होता असं सिद्ध झालं, तरी करार मुळातून रद्दबातल होत नाही. तो आजोबांच्या इच्छेनुसार रद्द करता येण्याजोगा ठरतो. पर्यायांमध्ये या दोन शब्दांची अदलाबदल करून मार्क घालवले जातात.

त्यामुळे पर्यायांकडे जाण्याआधी प्रश्नाच्या कडेला तीन गोष्टी लिहाव्यात: काम कुणी सांगितलं, वचन कामाच्या आधी आलं की नंतर, आणि संमतीबद्दल प्रश्नात काय म्हटलंय. गाडीच्या प्रश्नात पहिल्या दोन गोष्टींवर उत्तर ठरलं, स्कूटरच्या प्रश्नात तिसरीवर.