गोळी कधी चुकते?

जिल्हा रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात असे रुग्ण नेहमी असतात. उदाहरणासाठी एक बेतू. वय 58, भाजीविक्रेता, मधुमेह नऊ वर्षांपासून. उजव्या अंगठ्याखाली तळव्याला दोन सेंटिमीटरची जखम. उपाशीपोटी साखर 212, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी 9.8 टक्के. केस पेपरवर आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय, 'औषधे अनियमित'. इथून पुढे सिस्टरचं काम सुरू होतं. त्या कामाच्या लेखी आराखड्याला नर्सिंग केअर प्लॅन म्हणतात.

आराखड्याची पहिली पायरी म्हणजे रुग्णाची पाहणी. वजन, रक्तदाब, साखर हे सगळं नोंदवलं जातंच, पण खरी माहिती प्रश्नांतून मिळते. 'गोळ्या वेळेवर घेता का?' असं विचारलं तर मान हलवून 'हो' एवढंच उत्तर येतं. 'गोळी कधी चुकते?' असं विचारलं की माणूस बोलू लागतो. हे काका पहाटे चारला मार्केट यार्डात जातात. ग्लिमेपिराइडची गोळी चहाबरोबर घेतात आणि जेवतात थेट अकराला. नऊच्या सुमारास घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून बाजाराच्या दिवशी त्यांनी गोळीच सोडून दिली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. उपाशीपणी साखर 70च्या खाली घसरत असणार. म्हणजे ज्याला निष्काळजीपणा म्हटलं गेलं, तो त्यांनी स्वतःपुरता शोधलेला बचाव होता.

मग पायाची तपासणी. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवतात. काकांनी डोळे मिटले होते, आणि अंगठ्याखाली धागा टेकल्याचं त्यांना कळलंच नाही. जखम दुखत नाही ती याचमुळे. ती भरत आलीय असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

दुसरी पायरी निदानाची. 'टाइप टू मधुमेह' हे डॉक्टरांचं निदान. सिस्टरचं निदान वेगळं असतं आणि त्याचे तीन भाग असतात: अडचण कोणती, कशामुळे, आणि पुरावा काय. इथे ती लिहिते, 'साखर अस्थिर. कारण गोळी आणि जेवण यांत सात तासांचं अंतर. पुरावा, सकाळचा घाम व थरथर आणि एचबीएवनसी 9.8.' दुसरं निदान बधिर पायाचं आणि जखमेचं. मधलं कारण लिहिलं नाही तर पुढे 'आहाराविषयी समजावले' एवढी एकच ओळ उरते. असे आराखडे फायलीत पुष्कळ सापडतात. ते कुणाच्याच कामाचे नसतात.

उद्दिष्टं मोजता येतील अशी हवीत. 'साखर नियंत्रणात येईल' हे उद्दिष्ट नव्हे. 'तिसऱ्या दिवशी रुग्ण स्वतः 14 युनिट इन्सुलिन अचूक भरून दाखवेल', 'सात दिवसांत जखम वाढणार नाही, तिला दुर्गंधी येणार नाही' ही उद्दिष्टं.

जखमेमुळे डॉक्टरांनी काही काळ दोन वेळा इन्सुलिन लिहून दिलंय. सिस्टर डोस बदलत नाही, पण पहाटे चारचं वेळापत्रक राउंडला डॉक्टरांच्या कानावर घालते, कारण इन्सुलिन टोचून सात तास उपाशी राहणं गोळीपेक्षाही घातक. ठरतं असं: सकाळी सहाला गाड्यावरच पोळी-भाजी, इन्सुलिन त्याच्या अर्धा तास आधी. घाम फुटलाच तर पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची आणि नंतर काहीतरी खायचं.

शिकवताना सिरिंजवर वेळ खर्चावा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या 40 युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. दुकानदाराने केशरी टोपणाची 100 युनिटची सिरिंज दिली तर 14च्या खुणेपर्यंत भरूनही अंगात 5.6 युनिटच जातात. उलट गल्लत झाली तर 35 जातात. ती जिवावर बेतू शकते.

पायासाठी रोजचं ड्रेसिंग आणि त्या भागावर भार न देणं. गरम पाण्याचा शेक बंद, अनवाणी चालणं बंद, जखम भरल्यावर मऊ एमसीआर चप्पल. रात्री तळव्याखाली आरसा धरून पाहायचं.

तिसऱ्या दिवशी काका सिरिंज भरतात ती 18पर्यंत. पुन्हा भरायला सांगितलं तरी 18च. खुणा बारीक आणि नजर अधू. सिस्टर 'उद्दिष्ट साध्य नाही' असं लिहिते, डोळे तपासायला पाठवते आणि संध्याकाळी भेटीच्या वेळेत आलेल्या सुनेच्या हातात सिरिंज देते.